काटा ‘कॅलिब्रेट केला’ म्हणजे नेमकं काय केलं? क्वालिटी विभागात नव्याने आलेल्यांसाठी

सोलापूरच्या एका टॉवेल कारखान्यात, वर्षाच्या कॅलिब्रेशनसाठी बाहेरच्या लॅबचा माणूस येणार त्या दिवशी, क्वालिटीतल्या नव्या मुलाने मला दारातच सांगितलं, “काय ओ साहेब, काटा मी सकाळीच कॅलिब्रेट करून ठेवलाय की. आता चुकायचं कामच नाही.” त्याने काट्याचं `CAL` बटण दाबून, वजन ठेवून आकडा जुळवून घेतला होता. म्हणजे त्याने कॅलिब्रेशन केलं नव्हतं, ॲडजस्टमेंट केली होती. आणि गेलं वर्षभर तो काटा किती चुकत होता, हे कळायचा एकमेव मार्ग त्याने स्वतःच्या हाताने पुसून टाकला होता.

त्याची चूक समजण्यासारखी आहे, कारण बटणावर नावच चुकीचं छापलेलं असतं. तेव्हा आधी शब्द सरळ करू आणि मग जीएसएमच्या, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये काढायच्या, काट्यावर सगळं काम पहिल्यापासून क्रमाने करून पाहू.

## टप्पा १ : भिंतीवरच्या घड्याळावर तीन शब्द वेगळे करा

तुमच्या घरातलं घड्याळ मोबाईलच्या वेळेशी ताडून पाहिलं. मोबाईलमध्ये ७ वाजलेत, घड्याळात ७ वाजून ८ मिनिटं. “घड्याळ ८ मिनिटं पुढे आहे” असं तुम्ही लिहून ठेवलंत. हे झालं कॅलिब्रेशन, मराठीत अंशशोधन. ज्याच्यावर भरवसा आहे अशा प्रमाणाशी तुलना केली, फरक किती ते शोधलं, नोंदवलं. घड्याळाला हातही लावला नाही.

आता प्रश्न असा की ८ मिनिटं पुढे असलेलं घड्याळ चालेल का? जेवायची वेळ पाहायला चालेल. पण घड्याळ ८ मिनिटं *मागे* असतं आणि त्याच्या भरवशावर सिद्धेश्वर एक्सप्रेस गाठायला निघालात, तर गाडीचा लाल दिवा पाहून परत याल. सापडलेला फरक आपल्या गरजेच्या मर्यादेत बसतो की नाही हे ठरवणं म्हणजे व्हेरिफिकेशन, पडताळणी. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच असतं, आणि मर्यादा आधी ठरलेली नसेल तर ते देताच येत नाही.

मागची किल्ली फिरवून काटे जुळवले, ती ॲडजस्टमेंट, जुळवणी. इथेच पहिल्यांदा उपकरण बदलतं. म्हणून जुळवल्यानंतर पुन्हा मोबाईलशी ताडून पाहावं लागतं, कारण आधी लिहिलेला ‘८ मिनिटं पुढे’ हा आकडा आता मेला.

आपल्याकडे बऱ्याच घरांत घड्याळ मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवतात आणि घरातला प्रत्येक जण मनात दहा वजा करतो. तिथे कॅलिब्रेशन आहे, दुरुस्तीचा आकडा आहे, ॲडजस्टमेंट मात्र नाही, आणि तरीही घर नीट चालतं. कारखान्यातही असं चालतं. फरक माहीत असेल, स्थिर असेल आणि वाचनातून वजा केला जात असेल, तर उपकरण जुळवलंच पाहिजे असं नाही. फक्त पाहुणा आला की घोटाळा होतो. आपल्याकडे पाहुणा म्हणजे रात्रपाळीचा बदली माणूस.

तपासा : ‘आकडा बदलेल असं काही केलं का?’ असं स्वतःला विचारा. उत्तर हो असेल, तर ती ॲडजस्टमेंट. बटणावर काहीही लिहिलेलं असो.

दुकानातल्या काट्याचं काय? शेंगा चटणी पाव किलो घेताना काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाची मोहर असते, ती पडताळणीची. वैधमापनशास्त्र अधिनियम, २००९ आणि त्याखालच्या नियमांप्रमाणे इलेक्ट्रॉनिक काट्याची अशी फेरपडताळणी वर्षातून एकदा लागते. ती मोहर ‘चूक कायद्याच्या मर्यादेत आहे’ एवढं सांगते, ५ ग्रॅमला काटा किती चुकतो ते सांगत नाही. म्हणून लॅबच्या काट्यावर मोहर आहे म्हणून कॅलिब्रेशन नको, असं होत नाही. उलटही तसंच : कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र आहे म्हणून विक्रीच्या काट्याची मोहर टळत नाही.

## टप्पा २ : वजन हातात घेण्याआधी मर्यादा कागदावर लिहा

उदाहरण आपलं नेहमीचं. टेरी टॉवेलची ऑर्डर आहे ५०० जीएसएमची, ग्राहकाने उणे-अधिक ५ टक्के मान्य केलंय, म्हणजे ४७५ ते ५२५. गोल कटरने १०० चौरस सेंटिमीटरचा तुकडा कापायचा, काट्यावर ठेवायचा आणि ग्रॅमला १०० ने गुणायचं. ५.०० ग्रॅम म्हणजे ५०० जीएसएम. काटा ६०० ग्रॅम क्षमतेचा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. त्याच काट्यावर अख्खा टॉवेलही तोलला जातो. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा बाथ टॉवेल या जीएसएमला साधारण ५६२ ग्रॅम भरतो.

ग्राहकाची सूट २५ जीएसएमची, म्हणजे तुकड्याच्या वजनात ०.२५ ग्रॅम. काट्याची चूक त्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको, असा माझा साधा हिशोब असतो. दहावा भाग ०.०२५ होतो, काटा ०.०१ च्या पायरीने चालतो, म्हणून ५ ग्रॅमच्या आसपास मर्यादा धरली ०.०२ ग्रॅम. अख्ख्या टॉवेलसाठी ०.५ ग्रॅम पुष्कळ झालं.

आता खरी मेख. बाहेरच्या लॅबला नुसतं ‘६०० ग्रॅमचा काटा’ असं कळवलंत तर ते १०० पासून ५०० ग्रॅमपर्यंतचे बिंदू तपासून जातील. तुम्ही दिवसभर तोलता ५ ग्रॅम! म्हणून कामाच्या मागणीतच लिहा : ५, १०, २०, १००, २०० आणि ५०० ग्रॅम. शिवाय पॅनच्या मध्यभागी आणि चार कोपऱ्यांना एकच वजन ठेवून फरक पाहणं, आणि तेच वजन पुनःपुन्हा ठेवून आकडा तोच येतो का, हेही. ‘आहे तसं’ वाचन आधी घ्यावं आणि गरज पडल्यास जुळवणी आम्हाला विचारूनच करावी, हेसुद्धा आधीच लिहून द्या.

सावधान : कॅलिब्रेशन काटा जिथे वापरता तिथेच करून घ्या. गुरुत्वाकर्षण जागेप्रमाणे किंचित बदलतं आणि असा काटा प्रवासाने हलतो. दुसऱ्या गावी नेऊन आणलेल्या काट्याचं प्रमाणपत्र तिथल्या टेबलाचं असतं, तुमच्या नाही.

## टप्पा ३ : ‘आहे तसं’ वाचन

काटा निदान अर्धा तास आधी सुरू करून ठेवा. मधे वीज गेली तर घड्याळ पुन्हा शून्यापासून. वरचा पंखा बंद करा. मे महिन्यात हे सांगणं जिवावर येतं, पण पंख्याच्या झोताने ५ ग्रॅमचं वाचन नाचतं. काट्याची पातळी दाखवणारा बुडबुडा वर्तुळाच्या मध्ये आहे ना ते पाहा.

पॅनखाली रुवा साठला असेल तर? आमच्याकडे तो साठतोच. रोजची साफसफाई रोजच करायची असते. पण कॅलिब्रेशनच्या दिवशी खास पॅन काढून घासूनपुसून काटा नवरीसारखा सजवू नका. तो काल ज्या अवस्थेत काम करत होता, त्या अवस्थेतलं वाचन आपल्याला हवंय.

मग वजनं क्रमाने ठेवायची आणि जे दिसेल ते लिहायचं. वर ज्याचा उल्लेख केला त्या कारखान्यात पुढच्याच वर्षी हे नीट क्रमाने झालं, आणि बरं झालं. वाचनं अशी निघाली :

| प्रमाण वजन (ग्रॅम) | काट्यावर दिसलं | चूक |
|---|---|---|
| ५ | ४.८८ | −०.१२ |
| १० | ९.७६ | −०.२४ |
| २० | १९.५१ | −०.४९ |
| १०० | ९७.५६ | −२.४४ |
| २०० | १९५.१२ | −४.८८ |
| ५०० | ४८७.८० | −१२.२० |

आकड्यांकडे जरा थांबून बघा. रिकाम्या पॅनला शून्य बरोबर, आणि चूक वजनाच्या प्रमाणात वाढत जाते, प्रत्येक ठिकाणी साधारण २.४ टक्के. पॅन रुव्याला घासत असता तर चूक अशी शिस्तीत वाढली नसती. वाचन अडखळलं असतं, वजन उचलल्यावर शून्य परत आलं नसतं. इतकी सरळ प्रमाणातली चूक म्हणजे कुणीतरी काट्याला चुकीची शिकवणी दिली आहे.

चौकशीत निघालं ते असं. मधे कुणीतरी `CAL` दाबलं, काट्याने २०० ग्रॅम मागितले, आणि त्या सज्जन माणसाने पॅनवर ओरखडा उठू नये म्हणून वजनाखाली टॉवेलचा एक कापलेला तुकडा ठेवला. तुकडा ५ ग्रॅमचा. काट्याने २०५ ग्रॅमला ‘हेच २००’ असं समजून घेतलं. २०० ला २०५ ने भागून पाहा, वरचा प्रत्येक आकडा निघतो. काही काटे इतका फरक दिसला की चूक दाखवून नकार देतात. याने मुकाट्याने मान्य केलं.

तपासा : ‘आहे तसं’ वाचनाच्या कागदावर तारीख, वेळ आणि सही पडेपर्यंत कुठलंही बटण दाबलं जाणार नाही.

## टप्पा ४ : पडताळणी, म्हणजे हो की नाही

५ ग्रॅमला मर्यादा ०.०२, चूक ०.१२. नापास. इथे डोकं चालवायची गरजच नव्हती.

डोकं लागतं ते काठावरच्या प्रकरणात. प्रमाणपत्रावर चुकीशेजारी अनिश्चितता म्हणून एक आकडा असतो, आपल्या काट्याला समजा ०.०१ ग्रॅम. त्याचा अर्थ असा की सापडलेली चूक स्वतःच दोन्ही बाजूंना तेवढी इकडेतिकडे असू शकते. चूक ०.०१ आणि अनिश्चितता ०.०१, बेरीज ०.०२, मर्यादेत बसते, पास. चूक ०.०२ आली तर बेरीज ०.०३ होते, नुसती चूक पाहिली तर पास, अनिश्चितता धरली तर शंका. अशा वेळी काय करायचं हा नियम कंपनीने आधी ठरवून लिहिलेला असावा. ऑडिटच्या आदल्या रात्री ठरवलेला नियम लगेच ओळखू येतो.

नवीन मुलं प्रमाणपत्र हातात आलं की फक्त पुढची तारीख शोधतात आणि फाइलला लावतात. आयएसओ १७०२५ प्रमाणे चालणारी लॅब ग्राहकाशी ठरल्याशिवाय पुढची तारीख लिहीतच नाही, ती तुम्ही ठरवायची असते. तुम्ही मर्यादा दिली नसेल तर लॅब ‘पास’ही लिहिणार नाही. ती चूक सांगेल आणि थांबेल. प्रमाणपत्राच्या पाठीमागे स्वतःच्या हाताने ‘मर्यादा अमुक, चूक तमुक, वापरास योग्य किंवा अयोग्य’ हे लिहून सही करणं, ही तुमची पडताळणी. ती नसेल तर ते प्रमाणपत्र म्हणजे डॉक्टरला न दाखवलेला रक्ताचा रिपोर्ट.

## टप्पा ५ : जुळवणी, आणि ती कधी करू नये

काटा नापास झाला म्हणून लगेच `CAL` नाही. आधी कारण. चूक प्रमाणात वाढत असेल तर जुळवणीने ती जाते. कोपऱ्यांना वेगवेगळं वाचन येत असेल किंवा तेच वजन तीनदा ठेवल्यावर तीन आकडे येत असतील, तर जुळवणीने काहीही सुधारणार नाही. एका बिंदूला आकडा बरोबर दिसेल आणि रोग आत राहील. तिथे दुरुस्तीवालाच लागतो.

आणि काटा पास असेल तर जुळवणी अजिबात नको. ‘आलाच आहात तर जरा शून्य चूक करून द्या’ असा आग्रह लॅबच्या माणसाला करू नका. दरवर्षी न हलवता घेतलेल्या वाचनांवरून काटा कुठल्या बाजूला, किती वेगाने सरकतोय ते कळतं. दरवर्षी हलवलात तर ती रेघच पुसली जाते.

आपल्या उदाहरणात जुळवणी योग्य होती. पॅन रिकामा, स्वच्छ, वाचन ०.००. `CAL` दाबलं, काट्याने २०० मागितले. एफ-टू वर्गाचं वजन चिमट्याने उचलून थेट पॅनच्या मध्यावर ठेवलं, खाली काहीही नाही. या वर्गाच्या २०० ग्रॅमच्या वजनाला जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅमची सूट असते, आपल्या काट्याच्या १० मिलिग्रॅमच्या पायरीपेक्षा बरीच कमी. वाण्याच्या दुकानातलं लोखंडी वजन इथे आणू नका, ते कितीही चकचकीत असो.

सावधान : जुळवणीनंतर काट्यावर २००.०० दिसलं म्हणजे काम झालं असं नाही. तुम्हीच शिकवलेलं उत्तर तो तुम्हाला परत म्हणून दाखवतोय.

## टप्पा ६ : जुळवल्यावर पुन्हा कॅलिब्रेशन

म्हणून पुन्हा सगळे बिंदू, पहिल्यापासून. या वेळी ५ ला ५.००, १० ला १०.००, २०० ला २००.०० आणि ५०० ला ५००.०१ आलं. पुन्हा पडताळणी, या वेळी पास. प्रमाणपत्रावर जुळवणीआधीची आणि नंतरची अशी दोन्ही वाचनं हवीत. फक्त नंतरचीच असतील तर परत पाठवा. ‘आधीची कशाला, आता बरोबर आहे ना’ असं उत्तर आलं, तर पुढचा टप्पा त्यांना वाचून दाखवा.

## टप्पा ७ : मागे वळून पाहणं

आयएसओ ९००१:२०१५ च्या कलम ७.१.५.२ मध्ये हे स्पष्ट आहे : उपकरण कामाला अयोग्य निघालं, तर आधी घेतलेल्या मोजमापांवर परिणाम झाला का हे ठरवून योग्य ती कारवाई करायची. ऑडिटर इथेच बोट ठेवतो, आणि पैसाही इथेच गळतो.

आपला काटा कमी दाखवत होता. खरं वजन काढायला दाखवलेल्या आकड्याला १.०२५ ने गुणायचं. दाखवलेले ५०० जीएसएम म्हणजे खरे साडेबाराने जास्त, ५१२.५. मग दोन प्रकारचे लॉट शोधायचे. ज्यांचं नोंदलेलं जीएसएम ५१२ च्या वर होतं, ते प्रत्यक्षात ५२५ ओलांडून गेले होते आणि आपण पास केले. ज्यांचं ४६४ ते ४७४ होतं, ते खरं तर चांगले होते आणि आपण अडवून ठेवले.

तिसरा परिणाम वहीत दिसत नाही. विणकाम खात्याला रोज ‘जीएसएम कमी येतंय’ असा ओरडा गेला, त्यांनी पाइल, म्हणजे टॉवेलवरचे धाग्याचे फासे, वाढवला, आणि नोंदीत ५०० आणून दाखवले. प्रत्येक बाथ टॉवेलमागे साधारण १४ ग्रॅम सूत फुकट गेलं. दहा हजार टॉवेलला १४० किलो.

चूक कधीपासून होती हे कसं कळलं? जपून ठेवलेले जुने तुकडे पुन्हा तोलले. नोंद ४.९० ची आणि आता ५.०२ भरतंय, तर तो तुकडा बिघाडाच्या काळातला. जुनी नोंद आणि आताचं वजन जिथे जुळलं, ती बिघाडाआधीची शेवटची तारीख. इथे एक पथ्य : कापूस हवेतली ओल घेतो आणि सोडतो, म्हणून तुकडे आधी लॅबच्या ठरलेल्या हवेत, ६५ टक्के आर्द्रतेला, ठेवून मगच तोला. नाहीतर सोलापूरच्या उन्हाळ्याचा दोष काट्याच्या माथी मारून मोकळे व्हाल.

खरं तर एक साक्षीदार आधीपासून ओरडत होता. डिस्पॅचच्या मोठ्या काट्यावर भरलेली कार्टन हिशोबापेक्षा सतत जड भरत होती. त्या काट्यालाच सगळे दोष देत होते, कारण लॅबच्या काट्यावर प्रमाणपत्राचं स्टिकर होतं.

## टप्पा ८ : रोजची तपासणी, एक मिनिटाची

दोन कॅलिब्रेशनच्या मधलं वर्ष सांभाळतं ते एक ५ ग्रॅमचं आणि एक २०० ग्रॅमचं वजन. दोन्ही स्वतः कॅलिब्रेट केलेली, डबीत, चिमट्यासकट. पाळी सुरू होताना दोन्ही ठेवायची आणि दिसलेला आकडा वहीत लिहायचा. ‘ओके’ असं नाही, *आकडा*. ५ ग्रॅमला ४.९८ ते ५.०२ चालेल. ही रोजची पडताळणी आहे. ती कॅलिब्रेशनची जागा घेत नाही, कारण तिच्यात ना सगळे बिंदू आहेत ना अनिश्चिततेचा हिशोब. पण तो टॉवेलचा तुकडा तिने दुसऱ्याच सकाळी पकडला असता : ५ च्या जागी ४.८८.

मर्यादेबाहेर आकडा आला तर क्रम असा. आकडा लिहा. वजन काढा, शून्य परत येतं का पाहा. बुडबुडा, पंखा, पॅनला टेकलेली वही बघा (टेकलेली वही फार वेळा सापडते). पुन्हा ठेवा. तरीही बाहेरच असेल तर काट्यावर ‘वापरू नका’ची पाटी लावा, शेवटची बरोबर नोंद कधीची आहे ते वहीत शोधा आणि साहेबांना बोलवा. `CAL` बटणाला पासवर्ड लावता येत असेल तर लावाच. येत नसेल तर आम्ही करतो तसं करा, त्यावर चिकटपट्टी लावून तारीख आणि सही टाका. पट्टी फाटलेली दिसली की सकाळच्या पहिल्या चहाआधी विचारायचं, कुणी फाडली.